बचावफळीमागची धाव

ऑफसाइडचा निर्णय पास स्ट्रायकरपर्यंत पोहोचल्यावर नव्हे, तर सहकाऱ्याचा पाय चेंडूला लागतो त्या क्षणी होतो. त्या क्षणी प्रतिस्पर्ध्याच्या मैदानार्धात असलेल्या स्ट्रायकरचं डोकं, धड किंवा पाय चेंडू आणि शेवटून दुसरा प्रतिस्पर्धी या दोघांच्याही पुढे असेल, तर तो ऑफसाइड स्थितीत असतो. हात मोजत नाहीत. गोलरक्षक बहुधा सर्वांत मागे असल्याने व्यवहारात शेवटच्या बचावपटूची रेषा पाहिली जाते, आणि १९९० पासून त्या रेषेत असणंही चालतं. पास सुटल्यावर मात्र स्ट्रायकर कितीही पुढे गेला तरी हरकत नसते.

अडचण वेगाची आहे. उभ्याने धाव सुरू केली तर बचावपटू आधी पोहोचतो. त्यामुळे पास सुटताना पाय आधीच पळत असायला हवेत. समजा, स्ट्रायकर सेकंदाला ७ मीटर वेगाने सरळ गोलकडे निघाला आणि पास ०.३ सेकंद उशिरा आला, तर तो अंदाजापेक्षा २ मीटर पुढे गेलेला असतो. हीच धाव बचावाच्या रेषेशी ३० अंशांचा कोन करून तिरकी घेतली, तर गोलच्या दिशेचा वेग निम्माच राहतो आणि चूक जेमतेम मीटरभराची होते. म्हणून जाणते स्ट्रायकर आधी रेषेला समांतर आडवे पळतात आणि पास सुटता सुटता गोलकडे वळतात. वेग आधीच मिळालेला असतो, वळणात फक्त त्याची दिशा बदलते.

वळायचं कधी, हे पास देणाऱ्याच्या शरीरावरून कळतं. तो मान वर करतो, चेंडू पायापासून थोडा पुढे ढकलतो आणि टेकणारा पाय चेंडूशेजारी रोवतो. याच वेळी वळावं. त्याने आणखी एक टच घेतला, तर पुन्हा आडवं पळत राहणं किंवा दोन पावलं मागे येणं भाग असतं. अनेकांचा घात इथेच होतो, कारण एकदा निघालेली धाव मोडायला मन तयार नसतं.

सुरुवात बचावपटूच्या खांद्यामागून केलेली बरी. चेंडू आणि स्ट्रायकर दोन्ही एकदम त्याच्या नजरेत राहत नाहीत. मान वळवण्यात त्याचं एखादं पाऊल जातं.

एसी मिलानचा फिलिप्पो इन्झागी काही विशेष वेगवान नव्हता. त्याचं सगळं भांडवल हेच होतं. २००७ मध्ये अथेन्सला झालेल्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात, ८२व्या मिनिटाला, काकाचा पास लिव्हरपूलच्या बचावफळीतून सुटला. इन्झागी तोवर ऑनसाइड होता. पुढे तो एकटाच गोलरक्षक रेइनाला बगल देऊन गेला आणि त्याने चेंडू जाळ्यात सरकवला. मिलान २-१ जिंकला.

वारंवार मीटरभराने झेंडा वर जात असेल, तर वळण लवकर घेतलं जातंय. बचावपटू दर वेळी आधी गाठत असेल, तर उशीर होतोय किंवा आधी वेगच घेतलेला नाही. बचावफळी स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रात दाटून बसली असेल, किंवा गोलरक्षक पुढे येऊन पास टिपत असेल, तर अचूक धावेलाही मागे जागाच उरत नाही.