मागची जागा लक्षात ठेवणारा दोर

द्विमितीय गेममध्ये छताला टांगलेला दोर हलताना दिसतो, नायक वरून गेला की दोन कड्यांमधला झुलता पूल खाली दबतो, माकडाने उडी मारली की त्याची शेपटी किंचित उशिराने मागे येते. ही तिन्ही दृश्यं चित्रकाराने एकेक चित्र काढून केलेली नसतात. त्यांच्यामागे पाच-पंचवीस ओळींचा एकच कोड असतो आणि त्याची मूळ कल्पना गेमच्या दुनियेतली नाहीच. १९६७ मध्ये लू व्हेर्ले या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने आर्गॉनच्या ८६४ अणूंची हालचाल संगणकावर मोजण्यासाठी ही रीत वापरली. पुढे ‘हिटमॅन: कोडनेम ४७’ या गेममधल्या शरीरांच्या आणि कापडाच्या हालचालींसाठी थॉमस याकोबसेन यांनी ती वापरली, आणि २००१ मध्ये त्यांनी ती गेम बनवणाऱ्यांपुढे मांडल्यावर तिचा खूप प्रसार झाला.

दोर म्हणजे इथे बिंदूंची रांग. शेजारच्या दोन बिंदूंमधलं अंतर ठरलेलं, समजा १० पिक्सेल. प्रत्येक बिंदूबद्दल दोनच गोष्टी साठवायच्या: तो आता कुठे आहे आणि मागच्या फ्रेमला कुठे होता. वेग वेगळा लिहून ठेवायचा नाही. दोन जागांमधला फरक हाच वेग. उभ्या दिशेचा हिशोब असा:

```
vy = (y - oy) * 0.99
oy = y
y  = y + vy + g*dt*dt
```

`oy` ही मागची जागा. `0.99` मुळे वेग दर वेळी थोडा मरतो, नाहीतर दोर हलतच राहील. गुरुत्वाकर्षण `g` सेकंदाला सेकंद ९०० पिक्सेल धरलं आणि सेकंदाला ६० फ्रेम असतील, तर प्रत्येक फ्रेममध्ये त्याची भर पडते फक्त पाव पिक्सेलची.

आता बिंदू मोकळे पडू लागतात, म्हणून दुसरं काम येतं: अंतरं पूर्ववत करणं. दोन बिंदू १३ पिक्सेल लांब गेले असतील, तर जास्तीचे ३ पिक्सेल निम्मे-निम्मे वाटून दोघांनाही दीड-दीड पिक्सेल जवळ आणायचं. एक बिंदू खिळ्याला बांधलेला असेल, तर तो हलणार नाही, दुसऱ्यालाच पूर्ण ३ पिक्सेल यावं लागेल. जागा बदलली की वेगही आपोआप बदलतो, कारण वेग जागांमधूनच निघतो. या रीतीची सगळी सोय याच एका गोष्टीत आहे.

खरी गंमत पुढे आहे. टांगलेल्या दोरात पहिल्या फ्रेमला सगळे मोकळे बिंदू पाव पिक्सेल खाली आले, म्हणजे ताणला गेला तो फक्त सर्वांत वरचा दुवा. तो सुधारला, की दुसरा बिंदू पाव पिक्सेल वर गेला, आणि लगेच दुसरा दुवा १०.२५ झाला. तो निम्मा-निम्मा सुधारताना दुसरा बिंदू पुन्हा थोडा खाली ओढला गेला, आणि नुकताच नीट केलेला वरचा दुवा १०.१२५ वर आला. एका फेरीत हिशोब कधीच पुरा होत नाही. म्हणून एकाच फ्रेममध्ये सगळ्या दुव्यांवरून पुन्हा पुन्हा फिरायचं. फेऱ्या कमी पडल्या तर दोर रबरासारखा लांबतो, आणि ते ओळखण्याची खूण पक्की आहे: वरचे दुवे जास्त ताणलेले दिसतात, कारण खालचं सगळं वजन त्यांच्यावर येतं.

उपाय म्हणून फेऱ्या वाढवता येतात, पण माझ्या मते आधी दुवे कमी करून पाहावेत. चाळीस छोट्या दुव्यांपेक्षा पंधरा मोठे दुवे बहुतेक दृश्यांत पुरतात; वरून चित्र गुळगुळीत वक्ररेषेनं काढलं की डोळ्याला फरक कळत नाही. दुसरा चांगला मार्ग म्हणजे एक फ्रेम दोन पायऱ्यांत मोजणं. `dt` निम्मा झाला की `dt*dt` चौथ्या हिश्शावर येतो, त्यामुळे प्रत्येक पायरीत सुधारायचा ताणही बराच कमी होतो. मात्र `dt` मध्येच बदलता कामा नये. साठवलेला वेग म्हणजे मागच्या पायरीत कापलेलं अंतर, त्यामुळे पायरी लहान-मोठी झाली की दोर विनाकारण हिसका खातो.

पुलासाठी दोन्ही टोकं बांधायची. किती झोल पडेल हे आधीच काढता येतं. कड्यांमधलं अंतर २०० पिक्सेल आणि १०.५ पिक्सेलचे २० दुवे, म्हणजे लांबी २१०, असं धरलं तर मध्यभागी साधारण २७ पिक्सेलचा झोल येतो. लांबी २०२ ठेवली तरी १२ पिक्सेल. पाच टक्के जास्तीच्या लांबीला इतका झोल येतो याची बहुतेकांना कल्पना नसते, आणि मग पूल खालच्या काट्यांना जाऊन टेकतो.

शेपटीचं एकच टोक प्राण्याला बांधलेलं असतं. गुरुत्वाकर्षण कमी आणि वेग जरा जास्त मारलेला ठेवला की ती दोरासारखी लोंबत नाही. पण एक चूक तिथे हमखास होते. नायक दारातून दुसऱ्या खोलीत पोहोचला आणि शेपटीच्या फक्त आताच्या जागा हलवल्या, तर मागची जागा जुन्याच खोलीत राहते. कोडच्या दृष्टीने तो फरक प्रचंड वेग ठरतो आणि शेपटी स्क्रीनबाहेर उडते. अशा वेळी `y` आणि `oy` दोन्ही, तसेच `x` आणि `ox` दोन्ही, सारख्याच अंतराने सरकवायचे.