गेल्या वर्षीचा आकडा का बदलतो?

२०२३-२४ या वर्षात रिलायन्स इंडस्ट्रीजची एका शेअरमागची मिळकत, म्हणजे ईपीएस, सुमारे १०३ रुपये होती. पुढच्या वर्षी ती ५१ रुपयांच्या आसपास आली. नफा मात्र जवळपास तेवढाच होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीने एका शेअरवर एक बोनस शेअर दिला आणि शेअरची संख्या दुप्पट झाली, एवढेच घडले होते.

बोनसमधून कंपनीत एक रुपयाही येत नाही. म्हणून हिशेबाच्या नियमात तो शेअर वर्षाच्या मध्ये आला असे धरतच नाहीत. तो आधीपासून होताच असे मानून मागच्या वर्षाचा ईपीएसही नव्याने मांडतात. १०३ शेजारी ५१ ठेवून घाबरणाऱ्याने ताज्या अहवालातला मागच्या वर्षाचा रकाना पाहावा. तिथे तोही ५१च दिसतो.

राइट्स इश्यूत गुंता जास्त, कारण तिथे पैसे येतात, पण बाजारभावापेक्षा कमी. म्हणजे थोडी विक्री आणि थोडा बोनस. एक काल्पनिक कंपनी घेऊ. तिचे १० लाख शेअर आहेत आणि बाजारभाव १३० रुपये आहे. १ ऑक्टोबरला ती चार शेअरमागे एक शेअर ८० रुपयांना देते. चार जुने ५२० रुपयांचे आणि नवा ८० रुपयांचा, मिळून पाच शेअर ६०० रुपयांचे. म्हणजे नंतरचा भाव १२० ठरतो. १३० भागिले १२० हे गुणोत्तर म्हणजे त्यात दडलेला बोनस.

आता पहिल्या सहामाहीचे १० लाख शेअर या गुणोत्तराने वाढवून त्यांचे निम्मे घ्यायचे आणि दुसऱ्या सहामाहीच्या साडेबारा लाखांचे निम्मे त्यात मिळवायचे. बेरीज सुमारे ११.६७ लाख. इक्विटी भागधारकांच्या वाट्याचा नफा ७० लाख असेल, तर ईपीएस ६ रुपये. गेल्या वर्षी छापलेला ६.५० चा आकडाही १२०/१३० ने गुणून ६ वर येतो. घसरण दिसत होती, ती नव्हतीच. गुणोत्तर विसरून केलेल्या हिशेबात मात्र यंदाचे ६.२२ गेल्या वर्षीच्या ६.५० शेजारी बसतात आणि नसलेली घट दिसते.

याच कंपनीचे शंभर रुपयांचे, ८ टक्क्यांचे एक लाख परिवर्तनीय प्रेफरन्स शेअर वर्षभर आहेत असे धरू. त्यांचा ८ लाखांचा लाभांश वजा करूनच वरचे ७० लाख उरले होते. धारकाला एकाच्या बदल्यात दोन इक्विटी शेअर घेण्याची मुभा आहे. ती सगळ्यांनी वापरली तर लाभांश वाचेल आणि नफा ७८ लाख धरावा लागेल. शेअर मात्र दोन लाखांनी वाढतील. मग ईपीएस ५.७१. हाच 'डायल्यूटेड' आकडा.

एकाला एकच शेअर मिळणार असता, तर वाढलेल्या प्रत्येक शेअरमागे ८ रुपये वाचले असते. ते ६ पेक्षा जास्त असल्याने ईपीएस उलट वाढला असता. असे रूपांतर नियमाने हिशेबात धरत नाहीत. डायल्यूटेड आकडाही ६ रुपयेच छापला जातो.