लाइव्हसाठी लॅपटॉप घेताना

लाइव्ह करताना लॅपटॉप चित्र दाखवता दाखवता ते दाबून लहानही करत असतो. हे काम प्रोसेसरवर टाकलं, तर तो तापतो, वेग कमी करतो आणि चित्र अडखळू लागतं. म्हणून इंटेलचं क्विक सिंक किंवा एनव्हिडियाचं एनव्हेंक, असा स्वतंत्र एन्कोडर असलेलाच लॅपटॉप घ्या.

अडखळण्याचं कारण ओबीएसच्या Stats खिडकीत कळतं. Dropped Frames (Network) वाढत असेल, तर दोष इंटरनेटचा. महागडा लॅपटॉपही तिथे काही करू शकत नाही. 6 एमबीपीएसच्या प्रक्षेपणाला अपलोड किमान 10 हवा. एन्कोडिंगमुळे वगळलेल्या फ्रेम अर्ध्या तासानंतर वाढू लागल्या, तर उष्णतेचा संशय घ्या. दुकानातली पाच मिनिटांची चाचणी हे दाखवत नाही. परत करण्याच्या मुदतीत, चार्जर लावून, तासभर चालवून पाहाच.