एसओपी लिहिण्याआधी गल्ली मोजा

नगररचनेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अर्ज करणाऱ्या सिव्हिल इंजिनिअरांचे एसओपी एकापाठोपाठ एक वाचले, तर पहिला परिच्छेद बहुतेकदा सारखाच निघतो. डोळ्यांदेखत गाव बदललं, चाळी पाडून टॉवर झाले, रस्ते तुंबले, म्हणून नगररचना शिकायची आहे. यात खोटं काही नसतं. पण तुंबलेला रस्ता सगळ्यांनाच दिसतो. अर्जदाराला त्यात इतरांपेक्षा वेगळं काय दिसलं, हे निवड समितीला पाहायचं असतं. इंजिनिअर एखादी गोष्ट कशी बांधायची ते जाणतो, हे त्याच्या पदवीवरून कळतंच. बांधलेली गोष्ट प्लॉटच्या बाहेर काय करते, हा प्रश्न त्याला पडला आहे का, एवढंच एसओपीतून कळायला हवं.

असा एसओपी कसा उभा राहतो, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, अर्जदार गिरगावात ठाकुरद्वारजवळ फणसवाडीतल्या चाळीत वाढलेली मुलगी आहे. सिव्हिलची पदवी घेऊन तिने काही वर्षं पुनर्विकासाच्या साइटवर काम केलं आहे.

आधी कारणांची साखळी

घरांचा प्रश्न ‘चाळी जुन्या झाल्या’ एवढ्यावर सोडला, तर पुढचं सगळं ढिलं पडतं. चाळ जुनी होते ती काळाने, पण मोडकळीस येते ती पैशाअभावी. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधली. भाडेकरूला त्याने संरक्षण मिळालं, पण भाड्यातून डागडुजीचा खर्च निघेना आणि मालकाने हात आखडता घेतला. इमारती कोसळू लागल्या, तेव्हा १९६९मध्ये राज्य सरकारने कायदा करून अशा इमारतींवर दुरुस्ती उपकर बसवला आणि दुरुस्तीची जबाबदारी एका मंडळाकडे दिली. ते मंडळ आता म्हाडाचा भाग आहे. त्या वेळी शहर भागात १९,६४२ इमारती उपकरप्राप्त होत्या.

दुरुस्तीने आयुष्य वाढतं, इमारत नवी होत नाही. नवी करायला पैसा लागतो आणि तो ना भाडेकरूकडे, ना मालकाकडे. तो उभा करण्यासाठी विकास नियंत्रण नियमावलीत ३३(७) हे कलम आलं. विकासकाने जुन्या भाडेकरूंना मोफत घरं द्यायची आणि त्याच्या मोबदल्यात जास्तीचं बांधकाम बाजारात विकायचं.

ही साखळी एसओपीत चार-पाच वाक्यांत यायला हवी. त्यातून अर्जदाराला दुखण्यामागची यंत्रणा कळते, हे वाचणाऱ्याला दिसतं. पण पाठ केलेला इतिहास कुणीही लिहू शकतो, म्हणून इथे थांबून चालत नाही.

मग एका प्लॉटचं गणित

इंजिनिअरच्या हातात इतर अर्जदारांकडे नसलेली एक गोष्ट असते. आपली अर्जदार आकडेमोड करू शकते. तेव्हा तिने एक प्लॉट घ्यावा आणि त्याचा हिशोब शेवटपर्यंत न्यावा.

समजा प्लॉट ६०० चौरस मीटरचा आहे आणि त्यावर ४० खोल्यांची चाळ आहे. हे आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत. नियमानुसार प्रत्येक भाडेकरूला किमान २७.८८ चौरस मीटर, म्हणजे ३०० चौरस फूट कार्पेटचं घर मिळतं. चाळीस घरांचं कार्पेट सुमारे १,११५ चौरस मीटर झालं. भिंती वगैरेंसाठी पाचवा हिस्सा धरला की पुनर्वसनाचं बांधकाम साधारण १,३४० होतं. त्याच्या निम्मं, म्हणजे ६७०, विकासकाला प्रोत्साहन म्हणून विक्रीसाठी मिळतं. एकूण २,०१० चौरस मीटर. ३ एफएसआयने या प्लॉटवर १,८०० मिळाले असते. नियम म्हणतो, दोन्हींपैकी जे जास्त असेल ते. म्हणून २,०१०. फंजिबल एफएसआय इथे मुद्दाम बाजूला ठेवला आहे. तो धरला तर आकडे वाढतात, पण मुद्दा तोच राहतो.

विक्रीच्या ६७० मधून कार्पेट निघेल सुमारे ५६०. त्यात हजार चौरस फुटांचे, म्हणजे ९३ चौरस मीटरचे, सहा फ्लॅट बसतात. म्हणजे जिथे ४० कुटुंबं होती तिथे ४६ झाली. वाढ फार नाही.

आता पार्किंग. मुंबईच्या २०३४च्या नियमावलीप्रमाणे ४५ चौरस मीटरपर्यंतच्या चार घरांमागे एका गाडीची जागा द्यावी लागते आणि ९० चौरस मीटरच्या वरच्या प्रत्येक घरामागे दोन. चाळीस भाडेकरूंसाठी दहा जागा झाल्या, सहा नव्या फ्लॅटसाठी बारा. एकूण बावीस, आणि चाळीत या जागा मुळात नव्हत्याच. माणसं सहाव्या-सातव्या हिश्श्याने वाढली, पण गाड्यांच्या जागा शून्यावरून बावीसवर गेल्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त त्या सहा घरांसाठी आहेत.

एसओपीचा कणा इथे सापडतो. ‘लोकसंख्या वाढली म्हणून ट्रॅफिक वाढलं’ हे सगळे म्हणतात. या हिशोबातून वेगळंच निघतं. गल्लीवरचा ताण माणसांच्या संख्येपेक्षा घरांच्या आकारातून आणि पार्किंगच्या नियमातून येतो. प्लॉटच्या आत मात्र काही चुकलेलं नसतं. एफएसआय नियमात, पार्किंग नियमात, नकाशा मंजूर. अशा दहा इमारती एकाच गल्लीत झाल्या की दोनशेवीस गाड्यांच्या जागा तयार होतात. गल्ली तेवढीच राहते, कारण प्रत्येक नकाशा आपापल्या प्लॉटपुरता तपासला जातो.

मग गल्लीत उतरायचं

हिशोब कागदावरचा आहे. तो खरा ठरतो का, हे गल्लीत जाऊन पाहावं लागतं आणि हौशी मोजणी नेमकी इथे फसते. नाक्यावर उभं राहून तासाला किती वाहनं गेली ते मोजायचं, हा पहिला मोह. वेगवेगळ्या वाहनांना वजन देऊन, मोटार एक तर स्कूटर तिच्यापेक्षा कमी असं धरून, सगळ्यांची एका मापात बेरीज करतात. पद्धत बरोबर आहे, पण तुंबलेल्या गल्लीत ती उलटा निष्कर्ष देते. रस्ता रिकामा असतो तेव्हाही वाहनं कमी जातात आणि रस्ता ठप्प असतो तेव्हाही कमीच जातात. टेम्पो माल उतरवत आडवा उभा आहे, मागे रांग लागली आहे आणि मोजणीच्या तक्त्यात मात्र आकडा लहान. नुसता तो वाचला तर गल्ली मोकळी आहे असं वाटेल. म्हणून मोजणीबरोबर गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला लागलेला वेळही नोंदवावा लागतो. आकडा लहान आणि वेळ मोठा, म्हणजे गल्ली अडली आहे.

दुसरी मोजणी उभ्या गाड्यांची. अर्ध्या-अर्ध्या तासाने फेरी मारून कोणती गाडी किती वेळ उभी आहे ते टिपायचं. पहाटे दोन-तीनला उभ्या असतात त्या बहुतांशी रहिवाशांच्या, दुपारी असतात त्यांत दुकानं आणि कचेऱ्यांकडे आलेल्यांच्याही. हा फरक कळल्याशिवाय ‘पार्किंग कमी पडतं’ या वाक्याला अर्थ नाही, कारण दोघांवरचा उपाय वेगळा आहे. रात्रीच्या गाड्यांना कायमची जागा लागते. दुपारच्या गाड्यांचं प्रमाण पार्किंगच्या दराने आणि माल उतरवण्याच्या ठरावीक वेळांनी बदलता येतं.

अर्जासाठी ही मोजणी थोडकी असली तरी चालते, पण ती किती थोडकी आहे ते लिहायलाच हवं. एका कामाच्या दिवशी एका गल्लीत केलेल्या नोंदीवरून अख्ख्या दक्षिण मुंबईबद्दल बोललं की वाचणारा पेन खाली ठेवतो.

आता प्रश्न

इतकं झाल्यावर एसओपीत एक प्रश्न मांडता येतो. ऑक्टोबर २०२५पासून मेट्रो ३ कफ परेडपर्यंत धावू लागली आणि गिरगाव व काळबादेवी ही भुयारी स्थानकं सुरू झाली. पश्चिमेला चर्नी रोड आणि मरीन लाइन्स आहेतच. स्थानकापासून पायी पाच-सात मिनिटांवर असलेल्या पुनर्विकासालाही किमान पार्किंगची तीच सक्ती असावी का? ती काढली तर गाड्या कमी होतील, की त्याच गाड्या रस्त्यावर उभ्या राहतील? फुकट उभं राहता येत असेल तर त्या रस्त्यावरच येणार, म्हणून हा प्रश्न रस्त्यावरच्या पार्किंगच्या दरापासून वेगळा काढता येत नाही. आपल्या उपायाची ही कमजोर बाजू अर्जदाराने स्वतःच सांगितली, तर पुढचं वाचणारा विश्वासाने वाचतो.

दुसरी वाट समूह विकासाची. ३३(९) खाली शहर भागात किमान ४,००० चौरस मीटरचा समूह एकत्र घेतला तर अंतर्गत रस्ते नव्याने आखता येतात. जवळच भेंडीबाजारात साडेसोळा एकरांवर हा प्रयोग चालू आहे. पण त्यासाठी अनेक मालक आणि शेकडो भाडेकरू एका कागदावर आणावे लागतात. दोन्ही वाटा एसओपीत कोंबू नयेत. एक निवडावी आणि दुसरी का सोडली, ते एका वाक्यात सांगावं.

इंजिनिअरिंग कुठे थांबलं

इथे तिच्या नोकरीचा परिच्छेद येतो. ‘मी पाइलिंगवर देखरेख केली, बिलं तपासली’ ही यादी बायोडेटात असतेच. एसओपीत तिने असं लिहावं:

‘बावीस गाड्या तळघरात कशा बसवायच्या, हे माझं काम होतं. रॅम्पचा उतार, कार लिफ्ट, शेजारच्या जुन्या चाळीला धक्का न लावता करायचं खोदकाम, हे मी सोडवलं. फाटकाबाहेर पडल्यावर त्या गाड्या कुठे जाणार, हे मला कुणी विचारलं नाही आणि ते विचारणं कुणाच्याच कामात बसत नव्हतं.’

या तीन वाक्यांत कौशल्य आहे, त्याची मर्यादा आहे आणि अभ्यासक्रमाची गरजही आहे. कुणावर दोषारोप नाही.

अभ्यासक्रम प्रश्नाला जुळतो का

‘आपल्या नामवंत संस्थेत’ ही ओळ खोडून टाकावी. संस्था वेगवेगळ्या घडणीच्या असतात. दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये गृहनिर्माण आणि वाहतूक नियोजन हे वेगळे अभ्यासक्रम आहेत. आयआयटी खरगपूरला नगर नियोजनाची एकच व्यापक पदवी आहे. पुण्याच्या सीओईपीत नगर व ग्राम नियोजनाचा अभ्यासक्रम तंत्रशिक्षणाच्या परंपरेतून आला आहे. आपल्या अर्जदाराचा प्रश्न घर आणि रस्ता यांच्या सांध्यावरचा आहे. दिल्लीला अर्ज करताना तिला एक बाजू निवडावी लागेल आणि कारण द्यावं लागेल. गाड्या घरांच्या नियमातून निर्माण होतात, म्हणून गृहनिर्माण, असं ती म्हणू शकते. खरगपूरला तिने हाच सांधा जसाच्या तसा मांडावा. त्यामुळे एकच मजकूर सगळीकडे पाठवता येत नाही. कणा तोच ठेवून शेवटचा तिसरा भाग प्रत्येक ठिकाणी नव्याने लिहावा लागतो.

मसुदा झाल्यावर तपासायची एक सोपी रीत आहे. ‘फणसवाडी’च्या जागी ‘कोथरूड’ किंवा ‘डोंबिवली’ लिहून तो पुन्हा वाचायचा. तरीही तो तसाच खरा वाटला, तर त्यात अजून गल्ली उतरलेली नाही. उपकर, चाळीस खोल्या, बावीस गाड्या आणि मेट्रोचं स्थानक या गोष्टींपाशी वाचन अडखळलं आणि नाव बदलता आलं नाही, तर मसुदा पाठवायला हरकत नाही.