दोन ‘जी’ आणि एक वर्गमूळ

वर्गात काढलेल्या नोट्सचे फोटो मोबाइलमध्ये साठतात आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीच उघडले जातात. तेच बोलक्या भाषेत उतरवून रेकॉर्ड केले, तर बसमध्येही उजळणी होते. मात्र पानावरचं जसंच्या तसं वाचून चालत नाही, विशेषतः सूत्रं.

मुक्तिवेगाचं पान घेऊ. त्यावर असतं v = √(2GM/R). बहुतेक मुलं हे वाचतात, ‘व्ही बरोबर वर्गमूळ दोन जी एम भागिले आर’. डोळ्यांना मुळाच्या चिन्हाची आडवी रेघ दिसते, कानाला दिसत नाही. R मुळाच्या आत आहे की बाहेर? आत धरला तर पृथ्वीसाठी उत्तर सेकंदाला सुमारे 11,200 मीटर येतं. बाहेर धरला तर येतं जेमतेम 4.4, आणि ते वेगाचं एककही नसतं. म्हणून मूळ कुठे संपतं ते शब्दांतच सांगावं लागतं: ‘आधी दोन, गुरुत्व स्थिरांक आणि पृथ्वीचं वस्तुमान यांचा गुणाकार करा. त्याला पृथ्वीच्या त्रिज्येने भागा. जे येईल, त्या सगळ्याचं वर्गमूळ म्हणजे मुक्तिवेग.’ लांबलं खरं, पण आता एकच अर्थ निघतो.

त्याच पानावर खाली √(2gR) असतं. मोठा G आणि छोटा g, उच्चार दोन्हींचा ‘जी’च. इथे अक्षरं सोडून द्यावीत आणि ‘गुरुत्व स्थिरांक’, ‘गुरुत्व त्वरण’ अशी पूर्ण नावं घ्यावीत. माझ्या मते अख्ख्या संहितेत हा नियम सर्वांत जास्त उपयोगी पडतो.

फोटोतला मजकूर मोबाइलने आपोआप उचलला, तर घातांक हमखास बिघडतात. वर चढवलेला 24 खाली घसरतो आणि 10²⁴ चे ‘एक हजार चोवीस’ होतात. 10⁻¹¹ मधलं वजा चिन्हही कधी कधी गळतं. त्यामुळे प्रत्येक आकडा मूळ फोटोशी ताडून ‘दहाचा चोविसावा घात’, ‘दहाचा वजा अकरावा घात’ असं अक्षरी लिहावं. फोटो पानाच्या बरोबर वरून घेतलेला असला, तर हे बारीक आकडे निदान नीट दिसतात.

संहिता तयार झाली की ती अशा मित्राला ऐकवा ज्याने ते पान पाहिलेलं नाही, आणि त्याला सूत्र कागदावर लिहायला सांगा. त्याने R मुळाबाहेर लिहिला, तर वाक्य बदलायचं. रेकॉर्ड करताना आधी प्रश्न विचारा, ‘मुक्तिवेग वस्तूच्या वस्तुमानावर अवलंबून असतो का?’, मग थोडं थांबा आणि नंतर उत्तर द्या, ‘नाही, कारण ऊर्जेच्या समीकरणात ते दोन्ही बाजूंनी निघून जातं.’ ओळीमागून ओळ चालणारी लांब सिद्धता मात्र ऐकून डोक्यात राहत नाही. तिथे ‘गतिज आणि स्थितिज ऊर्जेची बेरीज शून्य धरली’ एवढा मुद्दा आणि वहीचा पान क्रमांक सांगावा. बाकीचं कागद-पेन घेऊनच सोडवायचं.