‘प्लीज फॉलो करा’ऐवजी काय लिहाल?

सिल्लोडच्या मिरचीवरच्या चुरडा-मुरड्याची पोस्ट केलीत, तर शेवटी फॉलो मागू नका. विचारा: ‘तुमच्या मिरचीची पानं वर वळलीत की खाली? गावाच्या नावासह सांगा.’ वर वळली तर बहुधा फुलकिडे, खाली वळली तर कोळी. शेतकरी दोन शब्दांत उत्तर देऊ शकतो, आणि तुम्हाला पुढचा विषय मिळतो. सेव्ह करायला मात्र कारण द्यावं लागतं: ‘फवारणीआधी पान ताडून पाहायला हा फोटो ठेवा.’ त्यासाठी दोन्ही पानं शेजारीशेजारी, स्पष्ट दिसली पाहिजेत. नाहीतर कुणी का ठेवेल? नुसतं ‘हो लिहा’ही टाळा. अशा कमेंट उकळणाऱ्या पोस्ट मागे ढकलण्याचं धोरण फेसबुकने २०१७ मध्येच जाहीर केलं आहे. तुमच्या पोस्टची शेवटची ओळ खाली लिहा, मिळून सुधारू.