रस्सीखेच जिंकायची ती पायांनी

रस्सीखेचीत दोन्ही संघ दोराला जवळपास सारख्याच जोराने ओढत असतात. जिंकणाराही तेवढाच ओढतो आणि हरणाराही. ऐकायला हे विचित्र वाटेल, पण दोर दोघांमध्ये एकच असतो आणि त्यातला ताण या टोकाला एक, त्या टोकाला दुसरा असा असू शकत नाही. मग एक संघ मागे का सरकतो आणि दुसरा पुढे का ओढला जातो? कारण पायाखाली आहे. ज्या संघाचे पाय जमिनीला घट्ट रोवलेले राहतात तो टिकतो, ज्याचे पाय घसरतात किंवा ज्याचं अंग पुढे उचललं जातं तो जातो. क्रीडादिनाची तयारी करताना एवढी एक गोष्ट मनात पक्की ठेवली, तर नियम का केले आहेत तेही कळतं आणि सराव कशाचा करायचा तेही.

आधी मैदान समजून घेऊ. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांनुसार एका संघात आठ गडी असतात. दोराचा घेर १० ते १२.५ सेंटिमीटर, म्हणजे जाडी साधारण तीन ते चार सेंटिमीटर, आणि लांबी किमान ३३.५ मीटर. दोराला गाठ किंवा पकडण्यासाठी फास चालत नाही. मधोमध लाल खूण असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना चार-चार मीटरवर पांढरी खूण. मैदानावर फक्त मधली एक रेघ आखतात. सुरुवातीला लाल खूण बरोबर त्या रेघेवर असते. समोरच्या संघाकडची पांढरी खूण तुम्ही रेघेपलीकडे आणली की खेच तुमची. थोडक्यात, समोरच्यांना चार मीटर ओढायचं. शाळेत मैदान लहान असेल तर हे अंतर कमी ठेवतात, तेव्हा ते आधीच विचारून घ्या. तीनपैकी दोन खेचा जिंकणारा संघ विजयी होतो. पहिल्या खेचीनंतर बाजू बदलतात, कारण उतार, ओल किंवा भुसभुशीत माती एकाच संघाच्या वाट्याला येऊ नये.

आता वजन. घर्षण अंगाच्या वजनावर अवलंबून असतं. वजन जास्त असेल तर पाय जमिनीला जास्त दाबले जातात आणि घसरायला जास्त जोर लागतो. वजनाला मर्यादा नसेल तर भारी मुलं गोळा करणारा वर्ग मैदानात उतरण्याआधीच अर्धा जिंकलेला असतो. म्हणून मोठ्या स्पर्धांमध्ये आठही जणांचं एकत्रित वजन बघतात. पुरुषांमध्ये ६४० किलो, महिलांमध्ये ५०० किंवा ५४० किलो असे गट असतात. मर्यादा एकेकट्या गड्याला नसते, संघाच्या बेरजेला असते. संघनिवडीचं खरं डोकं इथेच लागतं.

समजा तुमच्या शाळेने नववीसाठी ४०० किलोची मर्यादा ठरवली आहे. निवडलेल्या आठ जणांची वजनं ५८, ५५, ५२, ५०, ४९, ४७, ४६ आणि ४५ आहेत. बेरीज ४०२. दोन किलो जास्त. अशा वेळी कुणीतरी सुचवतं की ५८ किलोवाल्याने दोन दिवस जेवू नये, पाणी कमी प्यावं. हे अजिबात करू नका. उपाशी आणि पाण्यावाचून वाळलेल्या मुलाचे पाय पहिल्याच खेचीत थरथरतात, आणि शाळकरी वयात असं वजन उतरवणं प्रकृतीलाही घातक आहे. ४७ किलोच्या जागी ४४ किलोचा चपळ मुलगा घेतला की बेरीज ३९९ होते आणि प्रश्न मिटतो. राखीव खेळाडू निवडतानाही हा हिशेब करा: कोणाच्या जागी कोण आला तर बेरीज मर्यादेत राहते, हे कागदावर आधीच मांडून ठेवलं तर ऐनवेळी गोंधळ होत नाही. वजनं घरच्या काट्यावरची धरू नका. शाळेच्या काट्यावर, स्पर्धेच्या दिवशी घालणार त्याच कपड्यांत सगळ्यांची करा.

दोन्ही संघांचं वजन सारखं झालं की मग अंगाच्या कोनाचा खेळ सुरू होतो. ५० किलोचा मुलगा जवळजवळ उभा राहून दोर धरतो. दोर जमिनीपासून एक मीटरवर आहे आणि त्याच्या अंगाचा भार, म्हणजे बेंबीजवळचा भाग, टाचांच्या ३० सेंटिमीटर मागे आहे. दोर त्याला टाचांवरून पुढे पाडायला बघतो आणि त्याचं वजन त्याला मागे ओढतं. हे दोन्ही बरोबरीत राहायचे तर त्याला पेलणारा ताण ५० ला ३० ने गुणून १०० ने भागला की मिळतो: १५ किलो. तोच मुलगा अंग सरळ ठेवून साधारण ४५ अंशांत मागे झुकला, तर दोर सुमारे ८० सेंटिमीटरवर येतो आणि भार टाचांच्या जवळपास ६४ सेंटिमीटर मागे जातो. आता ५० गुणिले ६४ भागिले ८०, म्हणजे ४० किलो. मुलगा तोच, वजन तेच. आठ जणांचा हिशेब केला तर १२० किलोऐवजी ३२०. दंडाच्या व्यायामाने एका आठवड्यात एवढा फरक पडणार नाही, झुकायला शिकून पडतो.

मात्र एवढं झुकायचं तर पायाखाली तेवढी पकड हवी. ती नसेल तर टाचा निसटून मुलगा पाठीवर आपटतो. घासून गुळगुळीत झालेल्या तळव्याचे बूट, किंवा कोरड्या मुरमावर सुटी खडी, ही हरण्याची सगळ्यात साधी कारणं आहेत. रबरी तळव्याचे, खोल नक्षीचे बूट घाला. खिळ्यांचे बूट नियमात बसत नाहीत. बुटांवरून भांडण काही आजचं नाही. रस्सीखेच १९०० ते १९२० या काळात ऑलिम्पिकमध्ये होती. १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये लिव्हरपूल पोलिसांच्या जड बुटांना अमेरिकन संघाने आक्षेप घेतला, तो मान्य झाला नाही आणि अमेरिकनांनी माघार घेतली.

पकड कशी असावी? दोन्ही हात उघडे, हातमोजे नाहीत. तळवे वरच्या बाजूला आणि दोर काखेखालून, म्हणजे अंग आणि दंड यांच्या मधून गेलेला. दोर छातीला चिकटून असला पाहिजे. हात लांब करून दोर अंगापासून दूर धरला की सगळा भार बोटांवर आणि कोपरांवर येतो आणि ते लवकर थकतात. सगळ्या गड्यांनी दोराच्या एकाच बाजूला उभं राहावं. शाळेत एक डावीकडे, एक उजवीकडे असं उभं करायची पद्धत आहे, पण त्याने दोर नागमोडी होतो आणि थोडा जोर आडवा वाया जातो.

हाताबदल करत दोर ओढणं, विहिरीतून पोहरा काढल्यासारखं, नियमाने फाऊल आहे. यात अन्याय काहीच नाही, कारण तसं करताना एक हात सुटलेला असतो आणि पाय जागचे हलत नाहीत. दोर हातात घट्ट राहायचा, मागे सरकायचं ते पायांनी. जमिनीवर बसणं, पायाशिवाय दुसरा कुठला भाग टेकवणं, पाय गुडघ्यांच्या मागे ठेवणं, दोर सरकणार नाही असा अडकवून धरणं, हेही फाऊल आहेत. घसरून पडलात तर लगेच उठून पकड घ्या. पडून राहून दोर धरला की पंच ताकीद देतो. एका खेचीत दोन ताकिदी मिळाल्या की पुढच्या चुकीला ती खेच गेली. सुरुवातीआधी टाचांनी खड्डे करून ठेवायलाही मनाई आहे.

शेवटच्या गड्याबद्दल शाळांमध्ये मोठा गैरसमज आहे. सगळ्यात वजनदार मुलाला मागे उभं करून दोर त्याच्या कमरेला बांधतात. हे नियमाविरुद्धही आहे आणि धोक्याचंही. संघ ओढला गेला तर बांधलेल्या मुलाला दोर सोडताच येत नाही. नियमात सांगितलेली रीत अशी: दोर एका काखेखालून घ्यायचा, पाठीवरून तिरपा नेऊन दुसऱ्या खांद्यावरून पुढे आणायचा आणि उरलेला भाग काखेखालून मागे, बाहेरच्या बाजूला मोकळा सोडायचा. गाठ नाही, वेढा नाही. इथे वजनापेक्षा शांत डोक्याचा, दोर सरळ रेषेत ठेवणारा मुलगा हवा.

कोणीही दोर मनगटाभोवती किंवा तळहाताभोवती गुंडाळू नये, हे मी शिक्षकांनाही आग्रहाने सांगेन. १९९७ साली तैपेईत सोळाशेहून अधिक माणसांच्या रस्सीखेचीत दोर तुटला आणि दोन जणांचे हात अंगापासून तुटले. तुटलेल्या दोराच्या झटक्यापुढे माणसाला सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून आठ-आठपेक्षा जास्त जणांची गंमत म्हणून खेच लावू नका, पातळ नायलॉनची दोरी वापरू नका, आणि जुना दोर असेल तर खेळाआधी संपूर्ण लांबीवर हात फिरवून तुटलेले पीळ शोधा.

पंच चार आज्ञा देतो: दोर उचला, ताण घ्या, स्थिर, खेचा. 'ताण घ्या' म्हटल्यावर टाच रोवून अंग मागे टाकायला सुरुवात करायची, कारण 'खेचा' ऐकल्यावर झुकायला घेतलं तर समोरचा संघ आधीच झुकलेला असतो. पहिल्या झटक्यानंतर बहुतेक वेळा दोर थांबतो. इथे धीर लागतो. गडबडून आळीपाळीने झटके देणारा संघ स्वतःच थकतो. नुसतं धरून राहा, पाय सरळ, पाठ सरळ, नजर वर. प्रशिक्षकाच्या इशाऱ्यावर आठही जणांनी एकाच वेळी पायाने जमीन ढकलायची आणि एक छोटं पाऊल मागे टाकायचं, दहा-पंधरा सेंटिमीटर. मोठं पाऊल टाकलं की एक पाय बराच वेळ हवेत राहतो आणि तेवढ्यात समोरचे ओढून नेतात.

हे जमतंय का, ते बघायला मैदानाच्या कडेच्या जाड झाडाला दोर बांधा आणि आठही जण वीस-तीस सेकंद धरून राहा. प्रशिक्षकाने बाजूला उभं राहून बघायचं. कोणाचे गुडघे वाकलेत, कोणाची मान खाली गेली, कोणाचं बूड जमिनीकडे ओघळतंय, दोर कुठे वाकलाय. सामन्याच्या वेळी समोरच्या संघातही हेच बघा. त्यांचे गुडघे वाकू लागले, डोकी पुढे आली, पाय पटापट आपटायला लागले की त्यांच्या अंगाचा कोन मोडतोय. जोराचं एकत्र पाऊल मागे टाकायची वेळ तीच.